थेंब खाली पडता कामा नये

कोंडीराम कामथे कुठल्याही खोलीत शिरला की आधी उजव्या हाताची पालथी बाजू पुढे करायचा. त्याला न ओळखणाऱ्या माणसाला वाटायचे, हा पाऊस पडतो का ते पाहतो आहे. पण तो हवा पाहत असे. लालबागला एका गिरणीत हवा ओलसर ठेवण्याचे जे खाते होते, त्यात तो फिटर होता. हवा कोरडी झाली की सूत तुटते, आणि सूत तुटले की मागावरचा कामगार शिव्या देतो. म्हणून विणकाम खात्यात छताखालून नळ्या फिरवलेल्या असत, नळ्यांना करंगळीच्या पेराएवढी पितळी नोझले असत, आणि त्यांतून पाण्याचे धुके दिवसभर बाहेर पडत असे. धुके म्हणजे धुकेच. ते हवेत निघायचे आणि हवेतच विरून जायचे. खाली थेंब पडला तर कापडावर डाग पडे, म्हणून त्या खात्याचा एकच नियम होता, थेंब खाली पडता कामा नये. कोंडीरामने बावीस वर्षे हा नियम पाळला.

आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. मी तेव्हा परळच्या शाळेत शिकवीत होतो. कोंडीरामला लिहिता येत असे, पण त्याचे अक्षर त्याला स्वतःलाच आवडत नसे. म्हणून गावाकडची कार्डे तो वाची आणि उत्तरे माझ्याकडून लिहवून घेई. त्यामुळे त्याच्या बहिणीची बाग मी पाहण्याच्या आधी चार वर्षे ओळखत होतो.

सुंदराबाई त्याची थोरली बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. सासवडच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी यांची थोडी मुरमाड जमीन होती. कोंडीराम मुंबईला, धाकटा कोणी नाही, तेव्हा बाईने ती जमीन आपल्या अंगावर घेतली आणि अंजिराची बावन्न झाडे लावली. प्रत्येक झाड तिच्या हातचे. दरवर्षी मार्चमध्ये गावाकडचा कुणीतरी माणूस एक पाटी घेऊन येई. पाटीत अंजिराचीच पाने अंथरलेली आणि त्यांवर जांभळट, देठाशी किंचित मऊ झालेली फळे. चाळीत प्रत्येक दाराशी दोन-दोन फळे जात. आमच्या समोरचा शामराव मालवणचा, विणकाम खात्यात मागावर होता. तो फळ खाऊन झाले की न चुकता म्हणे, "घाट्या, तुमच्याकडे पाणी नाय, पण गोड करूक कसा जमता तुमका?"

पाणी खरेच नव्हते. विहीर होती, पण तिचा झरा कातळातून हळूहळू पाझरणारा. माघ संपला की पहाटे पाच-सहा मोटा निघत आणि विहीर तळ दाखवी. मग दुसऱ्या पहाटेपर्यंत वाट पाहायची. त्या पाच-सहा मोटा पाटाने बागेत जात, आणि पाट मुरमातून गेलेला. निम्मे पाणी पाटच पिई. विहिरीजवळची पंधरा-वीस झाडे हिरवी राहत, आणि टोकाच्या ओळींची फळे सुपारीएवढी होऊन गळत. पाण्याची खरी गरज नेमकी त्याच दिवसांत, फळ भरताना.

सत्तावन्नच्या निवडणुका होऊन गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. चाळीच्या जिन्याच्या भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असे गेरूने लिहिलेले होते आणि ते पुसायचे कोणी मनावर घेत नव्हते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुंदराबाईचे कार्ड आले. गावच्या कुणा माणसाने लिहिलेले, पण शब्द तिचे. "पाऊस गेल्या साली कमी झाला. विहीर आत्ताच चार मोटांवर आली. फळ चांगले धरले आहे. धरले नसते तर बरे होते, पाहवत नाही. तू एवढा पाण्याच्या खात्यात आहेस, काही सुचते का ते बघ."

कोंडीरामने ते कार्ड तीन दिवस खिशात ठेवले. चौथ्या दिवशी तो माझ्याकडे आला तो एक चित्र घेऊनच. गिरणीच्या इंजिनियर साहेबांकडे यंत्रांची विलायती पुस्तके येत. त्यांतले एक पान साहेबांनी त्याला फाडून दिले होते. चित्रात मोठे शेत होते, शेतात उभ्या नळ्या, आणि नळ्यांच्या टोकाला फिरणारे फवारे पाण्याच्या कमानी फेकीत होते.

"मास्तर, हे बघा. बाहेर देशात शेताला असं पाणी देतात. पाट नाही, काही नाही."

"मग झालं की."

"कसलं झालं? याला इंजिन लागतं. आणि पाणी किती उधळलंय बघा. थेंब बघा केवढाले. आमच्या खात्यात असा फवारा लावला तर साहेब मला घरी बसवतील." मग थोडे थांबून तो म्हणाला, "आपण बारीक करू. जितकं बारीक, तितकं पाणी कमी लागेल. चार मोटांत सगळी बाग भिजेल."

मला ते पटले. मी भाषा आणि इतिहास शिकवीत होतो. आणि बावीस वर्षे पाणी बारीक करणाऱ्या माणसाशी या बाबतीत वाद घालावा असे आमच्या चाळीत कोणालाच वाटले नाही.

गिरणीत नोझले झिजली की मोडीत निघत. झिजलेले नोझल धुके सोडीत नाही, थेंब टाकते. साहेबांनी मोडीतली नोझले, अर्ध्या इंची जुन्या नळ्या आणि कोपऱ्यात पडलेला एक हातपंप न्यायला परवानगी दिली आणि फाटकावर दाखवायला चिठ्ठी लिहून दिली. पुढचे महिना-सव्वा महिना कोंडीराम पाळी संपली की गॅलरीत बसून नोझले दुरुस्त करीत असे. प्रत्येक नोझलच्या आत पेचाची एक गुंडी असते. पाणी तिच्याभोवती गरगर फिरते, म्हणून बाहेर धुके होऊन पडते. तो गुंड्या घासून साफ करी, तोंडाशी असलेले भोक झिजलेले असले तर दुसरे तोंड शोधून जुळवी. लक्ष्मी, त्याची बायको, भाकरी थापता थापता म्हणे, "मास्तर, ह्यांना विचारा, ती पितळेची कोणाच्या लग्नाची बुगडी आहे." तो मान वर करीत नसे.

मार्चच्या शेवटच्या रविवारी चाळीच्या चौकात चाचणी झाली. पिंपात नळाचे पाणी भरले, हातपंप लावला, शामराव आणि आणखी एक जण दांडा मारायला उभे राहिले. कोंडीरामने एक-एक नोझल नळीला बसवले आणि खाली वर्तमानपत्राचा कोरा कडेचा कागद धरला. शंभर मोजेपर्यंत कागदावर थेंब पडला नाही तर नोझल पास. पडला तर नापास.

"शाळा बरी चाललीय," शामराव धापा टाकीत म्हणाला. "मास्तर, तुमच्या वर्गात एवढे पास होतत काय?"

बावन्नपैकी चाळीस पास झाली. बारा नापास. ती कोंडीरामने बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकली.

मग त्याने दहा नोझले एकत्र लावली आणि चौकात ठेवलेल्या तुळशी, कुंडीतला कढीपत्ता आणि एक केळीचे रोप यांवर धुके सोडले. दहा मिनिटांत पाने चमकू लागली, फरशी ओली झाली, पाहायला जमलेल्या पोरांच्या भुवयांवर दव साचले. वरच्या मजल्यावरच्या बाया कठड्याला रेलून पाहत होत्या. पिंपातले पाणी वीतभरही उतरले नव्हते.

"मुंबई मिळेल तेवा मिळेल," शामराव म्हणाला, "आधी अंजिरांका पाणी मिळूं दे. काय रे, बोला, अंजिरासह संयुक्त महाराष्ट्र."

कोंडीराम हसला. तो हसला की डावा गाल तेवढा वर जाई. त्या दिवशी मी त्याला दोनदा हसताना पाहिले. एवढे त्याच्या लग्नातही हसला नसेल, असे लक्ष्मी नंतर म्हणाली.

माझ्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा त्याने आठ दिवसांची रजा काढली आणि मला म्हणाला, "मास्तर, चला. चार वर्षं नुसती कार्डंच लिहिताय." नळ्यांचे पाच-पाच फुटांचे तुकडे करून त्यांना आटे पाडून घेतले होते. त्यांची मोळी, हातपंप आणि नोझलांची पिशवी असे सामान पुण्यापर्यंत गाडीने आणि पुढे एसटीच्या टपावरून गेले. निघताना लक्ष्मीने तो नापास नोझलांचा डबाही पिशवीत घातला. "वायसर नि काही लागलं तर असू दे," ती म्हणाली.

दिवेघाट चढून गाडी वर आली आणि माझे ओठ फुटले. हवा अशी कोरडी की जीभ फिरवली तरी क्षणात पुन्हा सुके. कोंडीरामने खिडकीतून हात बाहेर काढला, पालथा. मग आत घेतला आणि मांडीवर ठेवला. मला त्या वेळी त्यात काही विशेष वाटले नाही.

सुंदराबाई उंच आणि हडकुळी होती, पायांत पुरुषी वहाणा. तिने भावाकडे पाहिले, नळ्यांच्या मोळीकडे पाहिले आणि म्हणाली, "कोंडू, एवढं लोखंड कशाला आणलंस? बागेला कुंपण घालतोस का?"

"अक्का, पाणी आणलंय."

"मुंबईचं?"

"विहिरीचंच. पण पुरवून."

"मग बस. आधी चहा पी. नि हे कोण? कार्डं लिहिणारे मास्तर का? तुमचं अक्षर लई चांगलं हाय म्हणतात सगळे. मला काय कळतंय, मी नुसती बघते."

विहीर तेव्हा तीन मोटांवर आली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या शिवाने मोट हाकली. शिवा चाळिशीचा, बैल त्याचेच. तीन मोटा पाणी निघाले तेवढ्याने दोन पिंपे भरली आणि घरापुरते थोडेसे उरले. नळी जोडून होईतो दहा वाजले. नळी सगळ्या बागेला पुरण्याइतकी नव्हती. एका ओळीला लावायची, अर्धा तास चालवायची, उचलून दुसऱ्या ओळीला न्यायची, असा बेत होता. शिवाने आणि मी पंपाचा दांडा धरला. कोंडीरामने नळी दोन खुंट्यांच्या आधाराने झाडांच्या डोक्याएवढ्या उंचीवर टांगली होती, गिरणीत असते तशी.

धुके निघाले. अगदी चौकात निघाले होते तसे, पांढरे आणि मऊ. ऊन त्यातून आले तेव्हा इंद्रधनुष्यही दिसले. सुंदराबाई कमरेवर हात ठेवून पाहत होती. वारा डोंगरावरून येत होता, सतत, फार जोराचा नाही. धुके निघे आणि वाऱ्याबरोबर दोन हात जाई, आणि मग तिथे काही नसे. आम्ही अर्धा तास दांडा मारला. नळी उचलली, दुसरी ओळ. पुन्हा अर्धा तास. दोन्ही पिंपे निम्मी झाली.

सुंदराबाई खुरपे घेऊन पहिल्या ओळीतल्या एका झाडाखाली बसली. तिने खुरप्याने माती उकरली. वरची माती राखाडी होती, खालचीही राखाडी. तिने मूठभर माती घेतली आणि बोटांतून सोडली. ती पिठासारखी वाऱ्यावर गेली.

"कोंडू," ती म्हणाली, "पाणी कुठं गेलं?"

तो जवळ आला. गुडघ्यांवर बसला. त्याने पालथा हात झाडाखाली धरला, मग पानांजवळ, मग वर नळीजवळ. नळीजवळ त्याचा हात ओला झाला असावा, कारण तो त्याने धोतराला पुसला. पाने थोडी दमट होती. पिकायला आलेली फळे मात्र भिजली होती, आणि भिजलेले पिकते अंजीर तळाशी फुटते. दोन फळे दुपारपर्यंत उललीही, आणि त्यांवर मुंग्या चढल्या.

"वारा पिऊन गेला," शिवा म्हणाला.

 मी पंपाजवळच उभा होतो. कोंडीराम माझ्याकडे पाहून बोलला, पण सांगत होता स्वतःलाच. "मास्तर, मुंबईची हवा आधीच ओली. तिला पाणी नको असतं, म्हणून ते पानांवर बसलं. इथली हवा गिरणीतल्या यंत्रांनी तापलेल्या हवेसारखी आहे. इथल्या हवेला तहान लागलीय. मी झाडाला पाणी द्यायला आलो नि हवेला पाजलं. पिंपभर." मग तो म्हणाला, "बावीस वर्षं मी हेच करतोय. पाणी खाली पडू द्यायचं नाही. हे एवढंच मला येतं."

सुंदराबाईने त्याला उठवले नाही. ती आत गेली आणि भाकरी घेऊन आली.

जेवताना तिने विचारले, "नि काल दाखवलेल्या चित्रातलं ते काय होतं म्हणालास? मोठ्या थेंबांचं?"

"त्याला इंजिन लागतं. नि पाणी लागतं. तेही हवेतूनच जातं, अक्का. वाऱ्यात तेही काही उडणारच."

"म्हंजे हवेतनं न्यायचंच नाही."

"नाही," तो म्हणाला आणि घास तसाच हातात राहिला.

मग तो उठला आणि पिशवीतून तो बिस्किटांचा डबा काढला. नापास झालेली बारा नोझले त्याने जमिनीवर ओतली. त्याने पंप सोडून दिला. पिंप विहिरीच्या काठच्या दगडी ओट्यावर चढवले, म्हणजे पाणी आपोआप उताराने येईल. पिंपाच्या तोंडावर धोतराचा दुहेरी तुकडा बांधला, कारण विहिरीच्या पाण्यात शेवाळाचे तंतू असत आणि ते एवढ्या भोकात अडकले की काम संपले. नळी जमिनीवर टाकली, जवळच्या दोन ओळींतल्या बारा झाडांच्या बुंध्यांपासून हातभर अंतराने, आणि जिथे झाड तिथे एक नापास नोझल, तोंड खाली करून.

त्याने पिंपाच्या नळाची चावी उघडली. आधी नळीतून हवा फुसफुसत बाहेर पडली. मग पहिल्या नोझलवर एक थेंब जमला, मोठा झाला, आणि पडला. मग दुसरा. मागोमाग. धार नव्हती, धुके नव्हते. आम्ही झाडाझाडाशी जाऊन पाहिले. बाराव्या झाडापाशी थेंब थोडे सावकाश होते, पण होते. पिंप संपायला जवळजवळ चार तास लागले.

संध्याकाळी सुंदराबाईने पुन्हा खुरपे घेतले. प्रत्येक थेंबाखाली सुपाएवढा काळा ओला गोल झाला होता. तिने एका गोलात उकरले. बोटभर ओले, वीतभर ओले, हातभर खाली गेली तरी मुरूम गारच. तिने आपला तळवा त्या खळग्यात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"हे पाटानं कधी होत नाही," ती म्हणाली. "रोज एवढं मिळालं तर झाड फळं घेऊन उभं राहील. कोंडू, बाकीची कधी करतोस?"

बाकीची होती चाळीस, आणि उरलेली नोझलेही चाळीसच. पण ती सगळी पास झालेली. बिनपंपाची, नुसत्या उताराची ताकद त्यांना पुरत नव्हती. त्यांच्या तोंडून काहीच येईना. एका नोझलमधली पेचाची गुंडी काढून पाहिली तर धार लागली, आणि त्या धारेने पिंप भराभर रिकामे होऊ लागले. एक झाड सगळे पिणार आणि पुढच्यांना काही नाही, म्हणजे पुन्हा पाटच. भोके नेमकी मोठी करायला हवी होती, केसाच्या हिशोबाने. त्यासाठी गिरणीतला बारीक गिरमिट लागणार होता, आणि तो लालबागला होता.

रजेचे तीन दिवस उरले होते. पण पाण्याचेही मोजमाप सुंदराबाईने केले होते. रोजचे तीन मोटा पाणी, त्यातून घर, बैल आणि बारा झाडे. बाकीच्यांना उद्या नाही, परवाही नाही. नोझले येईपर्यंत फक्त बारा.

"ही बारा जवळची म्हणून लावलीस," ती म्हणाली. "जवळची आणि चांगली एकच नसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बागेतून फिरली. आम्ही तिच्या मागे. ती झाडाच्या बुंध्याला हात लावी, क्षणभर थांबे आणि पुढे जाई. हातात राखेचे भांडे होते. जे राखायचे त्याच्या बुंध्याला ती राखेचे बोट लावी. एका झाडापाशी ती थांबली आणि म्हणाली, "हे पहिलं लावलेलं. आता म्हातारं झालंय. फळ कमी देतं." तिने भांड्यात बोट बुडवले, आणि मग पुसून टाकले. पुढे गेली. दोन ओळी सोडून बारावे बोट लावले तेव्हा भांड्यात बरीच राख उरली होती. ती तिने तिथेच सांडली.

नळी उचलून त्या बारा झाडांकडे न्यायला आम्हांला दुपार झाली. झाडे विखुरलेली, नळी अपुरी. कोंडीरामने कुठे रबरी नळीचे तुकडे जोडले, कुठे वळण घेतले. निघण्यापूर्वी त्याने बहिणीला शिकवले, "थेंब थांबला तर नोझल सोडवून फुंकायचं. सुई घालायची नाही, भोक मोठं होईल. बैलाच्या शेपटीचा केस घालून साफ करायचं."

"एवढं बारीक मला दिसत नाही रे."

"शिवा करील."

"शिवाला बैलाच्या शेपटीचा केस द्यायचा म्हटलं तर बैल देईल का?" ती म्हणाली. शिवा हसला. कोंडीरामही थोडासा हसला, पण डावा गाल काही वर गेला नाही.

मुंबईला आल्यावर त्याने चाळीसही नोझले गिरणीत नेली. पाळी संपल्यावर अर्धा-पाऊण तास तो एक-एक नोझल गिरमिटावर धरून भोक वाढवी आणि गॅलरीत येऊन पिंपावर तपासून बघे. आता चाचणी उलटी होती. कागद खाली धरायचा आणि थेंब मोजायचे. मिनिटाला ठरावीक थेंब पडले तर पास. कमी किंवा जास्त पडले तर पुन्हा. शामराव पहिल्या दिवशी म्हणाला, "आता नापासांका पास करतोस?" पण त्याने पुन्हा थट्टा केली नाही. कोंडीरामच्या हाताला पितळेचा हिरवा डाग लागलेला असे आणि तो जेवतानाही गेलेला नसे.

गावाहून कार्ड आले. "बारा झाडे बरी आहेत. तेवढीच हिरवी. बाकीच्यांची पाने वळली. विहीर दोन मोटांवर." कोंडीरामने उत्तरात मला लिहायला सांगितले, नोझले बावीस झाली, थोडा दम धरा. दुसरे कार्ड आले. "विहीर दीड मोटेवर. बैल आता शिवाकडेच पाणी पितात." उत्तर गेले, तीस झाली.

मे महिन्याच्या मध्यावर चाळीसही पूर्ण झाली. त्याने ती फडक्यात बांधली, फडके पुठ्ठ्याच्या खोक्यात घातले, आणि परळच्या टपाल कचेरीतून पार्सल पाठवले. रजा पुन्हा मिळाली नाही. उन्हाळ्यात सूत सर्वांत जास्त तुटते, तेव्हा त्या खात्यातल्या फिटरला मेमध्ये सोडत नसत. नोझले कशी जोडायची ते दोन पानांवर चित्र काढून मीच पार्सलबरोबर लिहून दिले. चित्र मला चांगले जमले होते.

आठ दिवसांनी कार्ड आले. ते मी गॅलरीत त्याच्या शेजारी बसून वाचले, कारण त्या दिवशी तो म्हणाला, तुम्हीच वाचा.

"तुझ्या त्या बारीक पितळी नळ्या पोचल्या. शिवाने उघडून दाखवल्या. सगळ्या एकसारख्या आहेत, सोन्यासारख्या. विहिरीत पाणी राहिले नाही. पिण्याचे पाणी मी आणि शिवाची बायको खालच्या वाडीवरून डोक्यावर आणतो. बारा झाडांना गेल्या सोमवारपासून काही दिले नाही. तुझ्या नळ्या फडक्यात बांधून खुंटीला टांगल्या आहेत. तुझे काही चुकले नाही. तू उगीच मनाला लावून घेऊ नकोस. पहिल्या झाडाला मी राख लावली नव्हती, ते अजून हिरवे आहे, कसे ते कळत नाही."

लक्ष्मी दारात उभी होती. "वन्सं डोक्यावर पाणी आणतात?" ती म्हणाली. "ह्या वयात?" 

मी कोरे कार्ड काढले आणि टाक हातात घेतला. कोंडीराम समोरच्या जिन्याच्या भिंतीकडे पाहत होता. मग म्हणाला, "लिहा. नोझलांना गोडेतेलाचा हात लावून ठेव. पितळ हिरवं पडू देऊ नकोस." मी तेवढे लिहिले. अजून काही सांगेल म्हणून थांबलो.  कार्ड तीन-चतुर्थांश कोरे गेले.

जूनमध्ये पाऊस झाला तेव्हा सुंदराबाईचे एकच ओळीचे कार्ड आले. बावन्नपैकी नऊ झाडांना पालवी फुटली आहे, त्यांत ते पहिले एक. राख लावलेल्या बारांपैकी किती, ते तिने लिहिले नव्हते आणि आम्हीही विचारले नाही.

पण मला आठवतो तो त्या आधीचा एक दिवस, मे महिन्यातलाच. मी ते बरेचसे कोरे कार्ड टपालात टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी शामराव पाळीवरून आला आणि नेहमीसारखा समोर बसला नाही, माझ्या दाराशी येऊन उभा राहिला.

"मास्तर, आज माझ्या मागावरचा एक नोझल गळूक लागला. थेंब पडत होतो कापडार. मी कोंड्याक बोलावलंय. तो इलो, वर बघल्यान, आणि थेंबाखाली हात धरल्यान. सरळ, पालथो नाय. तसोच उभो."

"किती वेळ?"

"बराच. हातार पाणी जमला. मी म्हटलंय, कोंड्या, बदल रे, कापड भिजतां." शामराव थांबला. "मगे त्येणां हातातला पाणी धोतराक पुसल्यान, आणि बदलल्यान."